वर सोडलेला सॅटेलाईट खाली कसा आणतात?

प्रश्न: २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री नागपुरातून जळत जाताना जे दिसलं ते काय होतं? तसं पुन्हा पडू शकते का?

हो, पडू शकतं. मार्ग आणि वेळ जुळवून अभ्यासकांनी काढलं की तो बहुतेक चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. वर्षभर हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली येत गेला आणि कुठे पडायचं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं, म्हणून चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाची धातूची कडी गावाजवळ येऊन पडली. माझा राग त्यावरच आहे. कुठे पाडायचं हे ठरवता येतं, खाली सांगतो.

प्रश्न: वर दोन सॅटेलाईटची एक टक्कर झाली की त्यांच्या तुकड्यांनी पुढच्या टकरींची साखळी सुरू होते म्हणतात, मग आतापर्यंत सगळं फुटून कसं नाही गेलं?

कारण ही साखळी तासाभरात नाही, दशकांमध्ये चालते. नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच हे मांडलं होतं. १० फेब्रुवारी २००९ चं उदाहरण घ्या, सैबेरियाच्या वर साधारण ७९० किमीवर चालू असलेला इरिडियम ३३ सॅटेलाईट आणि बंद पडलेला रशियाचा कॉसमॉस २२५१ सेकंदाला ११ किमीपेक्षा जास्त वेगाने एकमेकांवर आदळले. त्या दिवशीच्या एका अंदाजात दोघं ५०० मीटरच्या वर अंतर ठेवून जाणार होते, म्हणजे मोजमापातली चूकच त्या अंतरापेक्षा मोठी निघाली. रडारला दिसतील असे दोन हजारांवर तुकडे झाले, आणि ते एका जागी थांबत नाहीत ना, प्रत्येकाला वेगळा धक्का बसलेला असतो म्हणून आधी त्याच कक्षेत सगळीकडे पसरतात आणि मग महिन्यांमध्ये त्यांच्या कक्षाच वेगवेगळ्या दिशांना सरकत पृथ्वीभोवती जाळं होतं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की बरेच तुकडे कित्येक दशकं उतरत नाहीत. तुकडे खाली यायच्या वेगापेक्षा नवीन तुकडे व्हायचा वेग जास्त झाला की साखळी लागली समजायचं. म्हणून माझं म्हणणं एकच, तुकडे वेचायच्या आधी अख्खे सॅटेलाईट तिथून काढा.

प्रश्न: मग काढतात कसे? ब्रेक तर नसतो तिकडे.

ब्रेक म्हणजे थ्रस्टर, सॅटेलाईटवरची छोटी इंजिनं, उलट दिशेने चालवायची. इस्रोचा मेघा-ट्रॉपिक्स-१ बघा, २०११ चा, हजारेक किलोचा, ८६७ किमीवर. (त्याची कक्षा विषुववृत्तापासून २० अंशांपर्यंतच जायची, नागपूर २१ वर, म्हणजे तो आपल्या अगदी डोक्यावर कधी आलाच नाही.) तसाच सोडला असता तर शंभर वर्षांच्या वर फिरत राहिला असता. पण काम संपलं तेव्हा टाकीत सव्वाशे किलो इंधन शिल्लक होतं.

कक्षेच्या एका बाजूला वेग थोडा कमी केला की समोरची बाजू खाली येते, हे इथलं मुख्य गणित. ऑगस्ट २०२२ पासून २० वेळा थ्रस्टर चालवून इस्रोने हळूहळू कक्षेचा सगळ्यात खालचा बिंदू उतरवत आणला. एकदम का नाही, तर थ्रस्टर फक्त ११ न्यूटनचे. शिवाय खाली आल्यावर हवा सॅटेलाईटला फिरवायला लागते आणि तो अशा उंचीसाठी बनवलेलाच नव्हता, थ्रस्टरचं तोंड फिरलं तर धक्का भलतीकडेच लागेल. ७ मार्च २०२३ ला आपल्याकडे दुपारी साडेचारला आणि मग संध्याकाळी सव्वासहानंतर असे चार थ्रस्टर दरवेळी वीसेक मिनिटं चालवले, खालचा बिंदू ८० किमीच्या आत आला आणि तो पॅसिफिक महासागरावर वातावरणात शिरला. जागा आधीच निवडलेली, जिथे वस्ती नाही.

प्रश्न: एवढं जमतं तर सगळेच असे का नाही आणत?

इंधन लागतं आणि सॅटेलाईटने ऐकायला पण लागतं. कार्टोसॅट-२ मध्ये थोडंच इंधन उरलं होतं, तर इस्रोने २०२० मध्ये ६३० वरून त्याचा खालचा बिंदू ३८० किमीपर्यंत आणून सोडला, बाकीचं काम हवेने केलं आणि तीसेक वर्षं लागली असती त्याऐवजी तो फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरला. जागा मात्र निवडता येत नाही यात. आणि डीटीएचवाले ३६,००० किमीवर असतात, त्यांना खाली आणणं परवडतच नाही, ते तीनशेक किमी आणखी वर ढकलून टाकतात.

सगळ्यात वाईट केस युरोपच्या एन्व्हिसॅटची. आठ टनांचा, एप्रिल २०१२ मध्ये अचानक संपर्क तुटला, तेव्हापासून ७७० किमीच्या आसपास तसाच फिरून राहिला, म्हणजे इरिडियमची टक्कर झाली त्याच गर्दीच्या पट्ट्यात. कमांड घ्यायला कुणी नाही म्हटल्यावर थ्रस्टर असून उपयोग नाही, आता दुसरं यान पाठवून त्याला धरून खाली आणायचं एवढाच रस्ता उरलाय, आणि गोल-गोल फिरणारी आठ टनांची वस्तू धरणं हे अजून कुणी करून दाखवलेलं नाही.