छातीत जळजळ नाही, मग घशाचा त्रास ॲसिडिटीचा कसा?

«तीन महिने झाले, घसा सारखा खाकरावा लागतो आणि काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी घशापर्यंत येतेय. पण माझ्या छातीत कधीच जळजळ होत नाही! पंधरा दिवस गोळी घेतली, काडीचाही फरक नाही. हे खरंच रिफ्लक्स आहे का?»

असू शकतं. पण पंधरा दिवसांच्या गोळीवरून ना हो म्हणता येतं, ना नाही. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मला जवळपास रोज ऐकायला मिळतो.

आधी छातीत का जळजळत नाही ते सांगतो. जठरातलं थोडंफार आम्ल अन्ननलिकेत सगळ्यांच्याच येतं, निरोगी माणसाच्याही. अन्ननलिकेची त्यासाठी तयारी असते. ती आकुंचन पावून आलेलं परत खाली ढकलते आणि गिळलेली लाळ उरलेलं धुऊन काढते. हा प्रकार वारंवार घडला किंवा आम्ल बराच वेळ तिथेच राहिलं, की छातीत जळजळ होते. जेवणानंतर, वाकल्यावर, रात्री आडवं झाल्यावर ती वाढते. स्वरयंत्राला असलं काही संरक्षण नाही. अन्ननलिका सहज सोसते तेवढा थोडासा फवारा वर आला तरी तिथलं अस्तर चिडतं. म्हणजे छातीला जळजळ व्हावी इतका वेळ आम्ल तिथे थांबत नाही, आणि घशाला मात्र तेवढंच पुरतं. घशाचा रिफ्लक्स बहुतेकदा दिवसा, बसल्या-उभ्या होतो. ‘रात्री तर मला काहीच त्रास नसतो’ हे वाक्य त्याच्या विरोधात जात नाही.

दुसरी गोष्ट पेप्सिनची. जठरातून वर येतं ते नुसतं आम्ल नसतं, त्यात प्रथिनं पचवणारं पेप्सिनही असतं. ते घशाच्या अस्तरात टिकून राहतं आणि नंतर पुन्हा आम्लाचा स्पर्श झाला की कामाला लागतं, असं मानलं जातं. तुमची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे, आम्ल कमी करते. वर येणं ती थांबवत नाही आणि पेप्सिनला हातही लावत नाही. छातीच्या जळजळीवर ती इतकी चांगली चालते आणि घशावर अनेकदा फसते, त्याचं एक कारण हे.

आता एका रुग्णाची गोष्ट सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून. पंचेचाळिशीचे गृहस्थ, दिवसभर फोनवर बोलण्याचं काम. ते आले तेव्हा मी लक्षणांची प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. घसा खाकरणं ५, गोळा अडकल्यासारखं वाटणं ५, कफ ४, आवाज बसणं ३, खोकला ३, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला १ आणि छातीत जळजळ शून्य. बेरीज २१. तेराच्या वर गेली की रिफ्लक्सचा संशय घेतात. पण नुसता संशय हं! नाकाच्या ॲलर्जीतही हीच बेरीज येऊ शकते, आवाजावर ताण देणाऱ्यांचीही येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी (एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या) कोरडा खोकला येतो, तोही इथे गुण वाढवतो.

मग दुर्बिणीने घसा पाहिला. स्वरयंत्राची मागची बाजू लालसर आणि किंचित सुजलेली. इथे आमच्याच व्यवसायाबद्दल एक कबुली द्यायला हवी. ही लाली आम्ही फार सहज रिफ्लक्सच्या खात्यावर टाकतो. काही त्रास नसलेल्या माणसांच्या घशातही ती दिसते आणि सारखं खाकरूनही येते. दुर्बीण घालायचं खरं कारण म्हणजे स्वरतंतूंवर गाठ किंवा दुसरं काही नाही ना, याची खात्री करणं. त्यामुळे आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर गोळ्यांचे प्रयोग करत बसू नका, आधी घसा दाखवा. गिळताना अडकणं, थुंकीतून रक्त, वजन घटणं, मानेत गाठ, एकाच कानात दुखणं, यातलं काहीही असेल तर लगेच.

हे गृहस्थ गोळी नाश्त्यानंतर आठवण होईल तेव्हा घेत होते. ही गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, कारण जेवणाच्या निमित्ताने जठरातले आम्लाचे पंप चालू होतात आणि चालू पंपच ती बंद करू शकते. छातीच्या जळजळीसाठी दिवसातून एकदा, आठ आठवडे, हा नेहमीचा हिशोब. बहुतेकांना त्याआधीच आराम पडतो. घशाच्या त्रासावर प्रयोग करायचा तर दिवसातून दोनदा, आठ ते बारा आठवडे. तुमचे पंधरा दिवस कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

पण म्हणून डोस दुप्पट करा असं मी सांगत नाही. ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत (प्रसिद्धी २०२१) निम्म्यांना लॅन्सोप्राझोल ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोळा आठवडे दिलं आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. बरं दोघांनाही वाटलं, पण औषधवाल्यांना जास्त बरं वाटलं असं काही दिसलं नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात, की घशाच्या तक्रारीबरोबर छातीत जळजळही असेल तर आठ ते बारा आठवडे गोळी देऊन पाहा, जळजळ नसेल तर आधी तपासणी करा. तुम्ही दुसऱ्या गटात बसता.

आमच्या गृहस्थांनी गोळी नीट वेळेवर बारा आठवडे घेतली. बेरीज २१ वरून १८. मग गोळी सात दिवस बंद ठेवून चोवीस तासांची तपासणी केली. नाकातून बारीक नळी घालतात आणि ती आम्ल तसंच सौम्य आम्लाचा रिफ्लक्सही मोजते. नळी थोडी त्रासदायक असते, खोटं कशाला सांगू. त्यात दिसलं की जेवणानंतर, उभं असताना बऱ्याच वेळा वर येतंय, पण त्यात आम्ल फार सौम्य. अशा ठिकाणी आम्ल आणखी कमी करून मिळणार काय?

मग गोळी हळूहळू कमी करून बंद केली. एकदम बंद केली तर काही दिवस उसळून आम्ल वाढतं आणि ‘बघा, गोळीशिवाय भागत नाही’ असा गैरसमज होतो. त्याऐवजी जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध दिलं. ते जठरातल्या अन्नावर साय धरल्यासारखा थर करतं आणि वर येणं अडवतं. (त्यात सोडियम असतं, म्हणून रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारून घ्यावं.) रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि कमी प्रमाणात.

सगळ्यात अवघड गेलं ते खाकरणं सोडणं. प्रत्येक खाकरीत स्वरतंतू एकमेकांवर आदळतात, त्याने सूज येते, सुजेमुळे पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा खाकरतो. वाचा-उपचारतज्ज्ञांनी त्यांना खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्यायला आणि जोर लावून गिळायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात ते वैतागले, फोनवर बोलताना पाण्याची बाटली संपतच राहायची. चार महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा बेरीज आठ होती, आणि खाकरण्याचे गुण पाचावरून दोनवर आले होते.