आधी मांडणी पाहावी, मग पान

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या टॅरो रीडिंगच्या नोंदी वाचल्या. एकेका पानाचा अर्थ बरोबर आहे. अडचण अशी की पाच पानांचे पाच परिच्छेद झालेत आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध लागत नाही. समोर बसलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न एक, त्याच्या हाती पडलेली उत्तरं मात्र पाच. पहिल्या पानाचा अर्थ तोंडातून बाहेर पडण्याआधी सगळ्या मांडणीवरून तीन वेळा नजर फिरवायची सवय लावून घे. एकदा अंकांसाठी, एकदा सूटसाठी आणि एकदा चित्रातली माणसं कुठे बघतायत त्यासाठी. या तिन्ही फेऱ्यांना मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत.

मी लिहितोय ते रायडर-वेट डेकबद्दल. हा डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली आणि मायनर अर्कानाच्या, म्हणजे वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स या चार सूटच्या, अंकांच्या पानांवरही त्यांनी माणसं रंगवली. मार्सेय पद्धतीच्या जुन्या डेकमध्ये त्या पानांवर नुसते कप किंवा तलवारी मांडलेल्या असतात. तिथे अंक आणि सूट पाहता येतात, पण दिशा फक्त मेजरच्या, म्हणजे फूल, हर्मिट, डेथ अशा स्वतंत्र नावांच्या, आणि राजा-राणीच्या पानांतून मिळते.

आधी अंक. दोन पानांवर एकच अंक दिसला की तू लगेच त्याला मोठा संकेत मानतोस, असं नोंदींवरून दिसतं. थोडं गणित करून बघ. डेकमध्ये 78 पानं आहेत, त्यांत एक्का ते दहा हा प्रत्येक अंक मायनरमध्ये चार वेळा येतो. पाच पानं काढली तर साधारण पाच-सहा मांडण्यांत एकदा तरी एखादी जोडी येणारच. दहा पानांच्या सेल्टिक क्रॉस मांडणीत तर जोडी निम्म्याहून जास्त वेळा दिसते. म्हणून जोडीची नोंद करावी, पण तिच्यावर वाक्य उभारू नये. पाच पानांत एकच अंक तीनदा आला तर गोष्ट वेगळी. फक्त मायनर मोजलं तर असं सुमारे 190 मांडण्यांत एकदा घडतं, आणि मेजरमधले 1 ते 10 हे अंकही धरले तर सुमारे 80 मांडण्यांत एकदा. मेजर मोजायचे की नाही हे पानं पिसायच्या आधीच ठरव. पानं पडल्यावर सोयीने ठरवलंस तर हवा तो अंक कुठेही सापडतो. मोजणार असशील तर एवढं ध्यानात ठेव की या डेकमध्ये स्ट्रेंग्थ 8 आणि जस्टिस 11 आहे. बऱ्याच इतर डेकमध्ये हे दोन अंक उलट असतात.

अंकाचा अर्थ तक्त्यातून पाठ करण्यापेक्षा पानांतूनच काढलेला बरा. चारही सूटमधले चौके शेजारी शेजारी ठेव. वाँड्समध्ये फुलांच्या माळेचा मांडव उभा आहे, कप्समध्ये तरुण झाडाखाली हात बांधून बसलाय, स्वोर्ड्समध्ये थडग्यावर योद्धा पडून आहे, पेंटॅकल्समध्ये माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलाय. भाव वेगवेगळे असले तरी कुणीच हलत नाही. आता त्यांच्याखाली पंजे लाव. वाँड्समध्ये पाच पोरं काठ्या घेऊन भिडलीत, कप्समध्ये सांडलेल्या पेल्यांचा शोक आहे, स्वोर्ड्समध्ये एकाच्या हातात तलवारी आणि दोघं मान खाली घालून निघालेत, पेंटॅकल्समध्ये बर्फात दोन गरीब माणसं उजळलेल्या खिडकीखालून चाललीत. चौक्यात जे स्थिर बसलं होतं ते पंजात मोडलं. दहाही अंकांच्या अशा रांगा एकदा लावल्यास की तुझे स्वतःचे शब्द तयार होतील आणि ते पाठ केलेल्या शब्दांपेक्षा जास्त टिकतील.

या डेकच्या नावातल्या वेट यांच्या 1910 च्या पुस्तकात चार राजे म्हणजे मोठा मान, तीन राजे म्हणजे सल्लामसलत, अशी ठरलेल्या अर्थांची यादी आहे. ती जुनी पद्धत म्हणून माहीत असू दे, पण ती चित्रांशी जुळत नाही, त्यामुळे मी तिच्यावर भर देत नाही.

सूटच्या बाबतीतही हेच गणित लागू होतं. पाच पानांत एखाद्या सूटची तीन किंवा जास्त पानं साधारण सहा-सात मांडण्यांत एकदा येतात. तिथून पुढे तिला वरचढ म्हणायला हरकत नाही. दहा पानांत चार हे फारसं विशेष नाही, पाच आली की म्हण. बहुतेक नवशिके चुकतात ते नसलेल्या सूटपाशी. ‘कप्स नाहीत, म्हणजे प्रेमच नाही’ असं ते सांगून मोकळे होतात. पाच पानांत ठरावीक एक सूट अजिबात न येण्याची शक्यता 36 टक्के असते. त्यामुळे नसलेल्या सूटबद्दल निष्कर्ष काढू नये. प्रश्नाचा विषयच त्या सूटचा असेल तर मात्र तिच्याबद्दल समोरच्याला एक प्रश्न जरूर विचारावा.

आता दिशा. मला यातला सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटतो आणि तुझ्या नोंदींत त्याचा एकही उल्लेख नाही. सेल्टिक क्रॉसची रीत सांगताना वेट यांनीच दिशेचा वापर केलाय: प्रश्नकर्त्यासाठी निवडलेलं मधलं पान ज्या बाजूला बघतं तिकडे पुढे येणारी गोष्ट ठेवायची आणि त्याच्या पाठीमागे सरून गेलेली. ते पान कुठल्याच बाजूला बघत नसेल तर बाजू आधी ठरवून घ्यायची. यातला धडा असा की ‘डावीकडे म्हणजे भूतकाळ’ हा काही सगळीकडे चालणारा नियम नाही. मांडणी एका ओळीत आणि डावीकडून उजवीकडे काळाने पुढे जाणारी असेल तरच तो अर्थ लागतो. वर्तुळात किंवा क्रॉसमध्ये एवढंच पाहायचं की हा माणूस कुठल्या पानाकडे बघतोय आणि कुठल्या पानाकडे त्याची पाठ आहे.

डेक हातात घेऊन वहीत चार रकाने कर: डावीकडे, उजवीकडे, समोर, पाठमोरा. चारही नाइट नीट बघ. वाँड्स आणि स्वोर्ड्सचे डावीकडे दौडतात, कप्स आणि पेंटॅकल्सचे उजवीकडे तोंड करून आहेत. फूल आणि हर्मिट डावीकडे, डेथचा घोडा उजवीकडे. सेव्हन ऑफ स्वोर्ड्समध्ये पावलं डावीकडे आणि मान मागे वळलेली, त्याला दोन्ही रकान्यांत लिही. पान उलटं पडलं की नुसतं डोकं खाली होत नाही, डावं-उजवंही बदलतं, हे लोक हमखास विसरतात. आणि मांडणीचा फोटो फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलास तर काही फोन तो आरशासारखा उलटवून ठेवतात. अशा फोटोवरून दिशा वाचू नकोस.

एक मांडणी पूर्ण घेऊ. समज, एका माणसाने विचारलंय, ‘नोकरी सोडून भावाच्या धंद्यात उतरू का?’ पाच पानं एका ओळीत: मागचं, आत्ताचं, अडचण, सल्ला, पुढची चाल. पडलेली पानं अशी: फाइव्ह ऑफ कप्स, हायरोफंट, फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स, क्वीन ऑफ स्वोर्ड्स, नाइट ऑफ स्वोर्ड्स. सगळी सुलटी. मेजर मोजायचे असं आधीच ठरलंय.

पहिली फेरी: हायरोफंट 5, त्यामुळे पाच हा अंक तीनदा. काहीतरी बसलेलं मोडलंय किंवा मोडायला आलंय. दुसरी फेरी: स्वोर्ड्स तीन, म्हणजे शब्द, वाद, निर्णय. पेंटॅकल्स एकही नाही, आणि प्रश्न तर पोटापाण्याचा आहे. म्हणून इथे विचारायचं: ‘पैशाचं काय ठरलंय तुमच्यात?’ उत्तर ‘अजून बोललो नाही’ असं आलं तर सूटने अंधारात बोट योग्य जागी ठेवलं. उत्तर ‘सगळं ठरलंय’ असं आलं तर तो मुद्दा सोडून द्यायचा, ताणायचा नाही.

तिसरी फेरी. पहिल्या पानावरचा काळ्या झग्यातला माणूस डावीकडे सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय, म्हणजे मांडणीच्याच बाहेर. उभे राहिलेले दोन पेले त्याच्या पाठीमागे उजव्या बाजूला आहेत, जिकडे बाकीची चार पानं आहेत. हायरोफंट सरळ आपल्याकडे बघतो. तो कुणाच्या बाजूने नाही, नियम सांगून बसलाय. आताची नोकरी, घरातलं थोरलेपण, ‘आपल्याकडे असंच चालतं’ हे सगळं तिथे येतं. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्समध्ये जिंकलेला माणूस पाठमोऱ्या निघालेल्या दोघांकडे बघतोय: वाद जिंकला आणि माणसं गेली. खरी गंमत शेवटच्या दोन पानांत आहे. क्वीन उजवीकडे तोंड करून डावा हात पुढे करून बसलीय आणि नाइट उजवीकडून डावीकडे, थेट तिच्या अंगावर घोडा घालतोय. सल्ला आणि पुढची चाल समोरासमोर उभे आहेत.

आता हे एका दमात सांगता येतं: ‘जुन्या नुकसानीकडे नजर लागून राहिलीय, त्यामुळे जे शिल्लक आहे ते दिसत नाही. प्रश्न धंद्याचा विचारलाय, पण पेच भावाशी होणाऱ्या बोलण्यात आहे. वाद जिंकून माणूस गमावण्याची भीती मधोमध बसलीय. पुढून घाई अंगावर येतेय. तिच्यासमोर शांत बसून अटी स्पष्ट शब्दांत मांडाव्यात, जमल्यास लिहून.’ हो किंवा नाही असं उत्तर या मांडणीत नाही, आणि ते ओढून आणू नये.

तोच नाइट उलटा पडला असता तर त्याचं तोंड उजवीकडे झालं असतं. मग तो क्वीनवर चालून आला नसता, तिच्याकडे पाठ करून ओळीबाहेर निघाला असता. तिचा पुढे केलेला हात कुणी पाहिलाच नसता. अशा वेळी सल्ला असा: ‘बोलायचं ते समोरचा निघून जाण्याआधी बोला.’ पानं तीच असूनही वाक्य बदललं, आणि ते पानाच्या ठरलेल्या अर्थाने बदललं नाही, दिशेने बदललं.

एक खबरदारी घे. तिन्ही फेऱ्यांत काहीच ठळक न दिसण्याची वेळ बरेचदा येईल: पाच वेगळे अंक, सूटची सरमिसळ, सगळी तोंडं समोर. तेव्हा नमुना शोधत बसू नकोस. जागांच्या क्रमाने साधं वाचन कर आणि नोंदीत ‘ठळक काही नाही’ असं लिही. आधीच्या तीन रीडिंगच्या पानांवर अंक, सूट आणि दिशा असे तीन रकाने भरून मला पाठव. दुसऱ्या रीडिंगमध्ये हर्मिट आणि नाइट ऑफ कप्स शेजारी आहेत. कोण डावीकडे पडलाय ते तू लिहिलेलं नाहीस, आणि ते एकमेकांकडे बघतायत की पाठ फिरवून बसलेत हे त्यावरच ठरतं.