लेहेंग्यावरचा तेलाचा डाग: ड्रायक्लीनिंग मशीनला टाकण्याआधी

दादा, रेशमी लेहेंग्यावर तेल सांडलेलं असेल तर आधी पाण्याचा हात लावू नका. तेल ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. उलट पाण्याने रेशमावर वेगळाच डाग उमटतो. इस्त्री किंवा वाफही नको, उष्णतेने तेल धाग्यात पक्कं बसतं.

डाग ताजा असेल तर त्यावर टाल्कम पावडर पसरून काही तास ठेवा, मग मऊ ब्रशने हलकेच झटका. चोळलंत तर रेशमाचा पोत कायमचा बिघडतो.

खरी भीती खड्यांची. शिवलेले सहसा टिकतात, पण चिकटवलेल्यांचा गोंद सॉल्व्हंटमध्ये सुटू शकतो. म्हणून आतल्या शिवणीजवळच्या एखाद्या खड्यावर सॉल्व्हंटचा बोळा धरून बघा. खडा हलला किंवा बोळ्यावर रंग उतरला, तर लेहेंगा मशीनला नको. मग आतून, अस्तर बाजूला करून, खाली पांढरं कापड ठेवून फक्त डागच टिपा.

आणि ते तेल भाजीच्या रश्श्याचं असेल तर तेल निघाल्यावरही हळदीचा पिवळेपणा राहतो. हे गिऱ्हाइकाला कपडा घेतानाच सांगा आणि पावतीवर लिहा.