बुवांना पाठवायच्या पत्राबद्दल

चि. यास अनेक आशीर्वाद.

बुवांना लिहिलेल्या तुझ्या पत्राचा कच्चा मसुदा वाचला. मायना आधी बदल. 'तीर्थरूप' आईवडिलांना लिहितात; बुवांना 'तीर्थस्वरूप ह.भ.प.' लिही आणि खाली 'शिरसाष्टांग नमस्कार'.

खरी अडचण 'मला शिष्य करून घ्या' या वाक्यात आहे. वारकऱ्यांत याचा पहिला अर्थ माळ घेणं असा होतो. गळ्यात तुळशीची माळ आली की एकादशी, पंढरीची वारी, मांस-मद्य वर्ज्य हे सगळं पत्करलं. तुला ते हवं असेल तर तसं स्पष्ट लिही. नुसतं भजन शिकायचं असेल तर 'अभंगाच्या चाली आणि म्हणण्याची रीत शिकवावी' एवढंच माग. दोन्हींची गल्लत झाली तर बुवा माळेची तयारी विचारतील आणि तू गडबडशील.

तुझ्या तीन स्पर्धांची बक्षिसं काढून टाक. त्याऐवजी गातोस तो स्वर लिही, 'काळी दोन' वगैरे. किती अभंग पुस्तकाशिवाय म्हणता येतात, टाळ लयीत धरता येतो का, तेही लिही. पाठ बाराच असतील तर बाराच लिही. पहिल्या बैठकीत ते कळणारच आहे.

सोबतच्या ध्वनिमुद्रणात 'सुंदर ते ध्यान' आहे, ते पुन्हा कर. या अभंगाच्या ओळीत अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार अशी पडतात. 'सुंदर ते ध्यान', 'उभे विटेवरी', 'कर कटावरी', 'ठेवोनिया'. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, 'विटेवरी-कटावरी'. तू श्वास 'कर' नंतर घेतोस, त्यामुळे हात कमरेपासून तुटतात आणि यमकही ऐकू येत नाही. श्वास 'विटेवरी'पाशी घे, मग 'कर कटावरी ठेवोनिया' एका दमात म्हण. शेवटचा चरण चारच अक्षरांचा असल्याने मागे जागा उरते. तिथे तू 'या'वर तान भरतोस. ती जागा टाळकऱ्यांची आहे. त्यांना तिथूनच ध्रुपद उचलायचं असतं. तुझी तान लांबली की ते चुकीच्या मात्रेवर येतात, पखवाजवाला समेवर एकटा पडतो, आणि दोष मात्र त्याला लागतो!

फार तर तीन मिनिटांचं मुद्रण पुरे. तंबोरा आणि टाळ एवढंच ठेव, घुमारा लावू नकोस. स्वर कुठे उतरतो ते त्याखाली झाकलं जातं आणि बुवांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

शेवटी 'घरी येऊन सेवा करीन' हे ढोबळ आहे. 'दर एकादशीच्या भजनाला मागे उभा राहून टाळ धरीन, ध्रुपद म्हणेन' असं लिही. मात्र जमणार असेल तरच.

ज्येष्ठ वद्यात पालख्या निघतात, तेव्हा बुवा घरी नसतील. पत्र आषाढी पौर्णिमेचा पंढरीतला गोपाळकाला होऊन ते परतल्यावर टाक.

तुझा,
काका