'म्हणजे तुमचं म्हणणं असं की…' : सारांश कुठला आणि विपर्यास कुठला

प्रश्न : 'स्ट्रॉ मॅन'ला, म्हणजे समोरच्याचं म्हणणं वाकडं करून त्या वाकड्या रूपावरच तुटून पडण्याला, मराठीत चपखल शब्द कुठला? बुजगावणं चालेल का? आणि मी समोरच्याचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडलं की लगेच 'विपर्यास करू नका' ऐकावं लागतं, तर साधा सारांश आणि विपर्यास यातला फरक ओळखायचा कसा?

बुजगावणं मला तरी पटत नाही. बुजगावणं शेतात उभं करतात ते पाखरांना भ्या वाटावं म्हणून, त्याला कुणी बडवत नाही. इथे तर पुतळा उभा करायचा तोच मुळी बडवायला, कारण खऱ्या माणसाला बडवणं जमत नाही. त्यामुळे शब्दशः भाषांतर करायचंच तर 'गवताचा पुतळा' बरा, पण आपल्याकडे याच्यापेक्षा नेमकं तयार आहे की, साप साप म्हणून भुई धोपटणं! साप नाहीच, पण काठी जोरात चाललीय आणि बघणाऱ्याला वाटतं काय शूर माणूस आहे. लिखाणात एकच शब्द हवा असेल तर 'विपर्यास' आहेच, फक्त तो जरा मोठा डबा आहे, त्यात चुकून झालेला गैरसमजही बसतो. 'शब्दच्छल' मात्र वेगळा, तो पुढे सांगतो. आणि 'ध'चा 'मा' हाही याला लोक सर्रास वापरतात पण तो तर मूळ कागदच बदलण्याचा प्रकार झाला, आनंदीबाईची ती गोष्ट खरी असो वा दंतकथा, त्यात 'धरावे'चं 'मारावे' झालं ते कागदावर. स्ट्रॉ मॅनमध्ये मूळ वाक्य बहुतेक वेळा जसंच्या तसं असतं, बदलतं ते त्याच्या पुढचं 'म्हणजे'.

माझं सगळं उत्तर या 'म्हणजे'भोवतीच फिरणार आहे.

मराठीत 'म्हणजे' दोन कामं करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. 'बाबा परवा येणार, म्हणजे शनिवारी' इथे म्हणजे = वेगळ्या शब्दांत तेच. 'बाबा परवा येणार, म्हणजे घर आवरायला लागणार' इथे म्हणजे = यावरून असं निघतं. पहिल्यात बोलणाऱ्याचंच म्हणणं आहे, दुसऱ्यात ऐकणाऱ्याने काढलेला निष्कर्ष आहे, बाबा बिचारे घर आवरा असं म्हणालेच नाहीत. वादात जेव्हा कुणी 'म्हणजे तुमचं म्हणणं असं की' म्हणतो तेव्हा तो बोलतो पहिल्या म्हणजेच्या आवाजात आणि माल देतो दुसऱ्या म्हणजेचा. मग मी काय करतो, मनातल्या मनात 'म्हणजे' काढून तिथे एकदा 'वेगळ्या शब्दांत' घालून बघतो आणि एकदा 'माझ्या मते यावरून असं निघतं की' घालून बघतो. पहिलं बसलं तर सारांश. दुसरंच बसत असेल तर तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष काढणं अजिबात गैर नाही, फक्त तो स्वतःच्या नावावर काढायचा आणि मधल्या पायऱ्या दाखवायच्या. 'तुमचं मान्य केलं तर अमुक मानावं लागेल, ते चालेल का?' हा रोखठोक आणि सभ्य प्रश्न आहे. 'तुम्ही अमुक म्हणताय' हा आरोप आहे. वाक्य जवळपास तेच, मालक बदलला.

आमच्या सोसायटीतला प्रकार सांगतो, नावं नकोत. गणपतीच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, 'रात्री 10 नंतर स्पीकर नको, घरात आजारी माणूस आहे, आरत्या बिनस्पीकरच्या म्हणा की.' यावर एक उत्साही कार्यकर्ता उठला, 'म्हणजे तुम्हाला गणपतीच नको!' आता बघा काय काय गळलं. रात्री 10 नंतर ही वेळेची अट गेली, स्पीकरच्या जागी अख्खा गणपती आला, आजारी माणूस हे कारण गेलं, आरत्या म्हणा ही सूचना गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक 'च' आला. या 'च'वर नेहमी लक्ष ठेवा. मूळ बोलण्यात नसलेला च, कधीच, सगळे, कुणालाही, असा शब्द सारांशात आला की समजायचं इथे पेंढा भरलाय. उलटंही होतं, मूळ वाक्यातलं 'बहुतेक', 'शक्यतो', 'सध्या तरी' सारांशातून गुपचूप गळतं. माणूस 'शक्यतो' म्हणतो तेव्हा त्याने सुटायला एक खिडकी ठेवलेली असते, ती बंद करून मग त्याला कोंडला म्हणण्यात काय मर्दुमकी.

आता हे सोसायटीपुरतं सोपं आहे कारण दोन्ही वाक्यं आपल्यासमोर आहेत. जरा अवघड केस घेऊ, जिच्यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात, 1891 चा संमतिवयाचा कायदा आणि टिळक.

नेहमी ऐकू येणारं वाक्य : 'टिळक बालविवाहाचे समर्थक होते.' आधी तर त्या विधेयकाचा विषयच लोक चुकवतात. ते लग्नाच्या वयाचं नव्हतंच, शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय 10 वरून 12 करायचं होतं, लग्न झालेल्या मुलींनाही लागू. त्याच्या थोडं आधी कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती आणि त्यामुळे विषय पेटला होता. टिळकांनी विधेयकाला विरोध केला हे खरंच. पण त्याच टिळकांनी 1890 मध्ये सुधारकांपुढे मांडलेल्या कलमांत मुलीचं लग्न 16 च्या आधी करू नये आणि मुलाचं 20 च्या आधी करू नये अशीही कलमं होती, अट एवढीच की ज्यांना पटतं त्यांनी सही करून हे स्वतःवर बांधून घ्यावं, सरकारचा कायदा नको. त्यामुळे 'कायद्याला विरोध, म्हणजे बालविवाहाला पाठिंबा' यातला म्हणजे कुठला? दुसराच. तो निष्कर्ष आहे, आणि मूळ माणसाच्याच दुसऱ्या कागदावर आपटून फुटतो.

पण थांबा, आता टिळकभक्त जे करतात तेही बघा. ते म्हणतात, 'टिळकांचा विरोध फक्त परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता.' ऐकायला किती छान, पण हाही सारांश कच्चाच आहे. टिळकांनी धर्मशास्त्राच्या अंगानेही वाद घातला होता, ऋतुप्राप्तीनंतर, म्हणजे मुलीला पाळी आल्यावर, गर्भाधान हा पहिल्या शरीरसंबंधाचा संस्कार वेळेत व्हायला हवा आणि 12 च्या आधी ऋतू आला तर हा कायदा त्या संस्काराच्या आड येतो असा तो मुद्दा होता, आणि शास्त्राला हे विधेयक चालतं असं मांडणाऱ्या संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांशी त्यांचा त्यावर झगडा झाला. हा मुद्दा आज वाचायला जड जातो म्हणून 'फक्त' हा शब्द घालून तो काढून टाकायचा? 'च'ने जसा पेंढा भरतात तसा 'फक्त'ने माणूस धुऊन-पुसून इस्त्री करून उभा करतात. पहिला पुतळा मारायला आणि दुसरा हार घालायला, माणूस दोन्हीत नाही.

मग नीट सारांश कसा झाला असता? मी असा करीन : 'टिळकांना मुलींची लग्नं उशिरा झालेली हवी होती, पण ते समाजाने स्वतः करावं, परक्या सरकारने कायद्याने नको असं ते म्हणत, शिवाय 12 वर्षांची ही अट गर्भाधानाच्या शास्त्राशी भिडते असंही ते म्हणत.' यात मी त्यांच्या बाजूने काही बोललेलो नाही. आता मारा की खुशाल. विचारा, स्वतःवर बंधन घालून घेणारे किती निघणार होते? तोवर दहा वर्षांच्या पोरींचं काय? शास्त्राचा मुद्दा खरा असेल तर 16 च्या कलमाशी त्याचा मेळ कसा? माझ्या मते ही टीका 'बालविवाहाचे समर्थक'पेक्षा कितीतरी जास्त लागते, कारण हिच्यातून 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणून सुटता येत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार जुना आहे, म्हणून ते शब्दच्छलाचं. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, 'छल' म्हणून सांगितलाय, समोरच्याच्या शब्दाचा भलताच अर्थ लावून त्याचं म्हणणं हाणून पाडायचं. त्याचं नेहमीचं उदाहरण फार मजेशीर आहे. एकजण म्हणतो हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, नऊ घोंगड्या? कुठायत, एकच तर दिसतीय! 'नव'चे दोन अर्थ, नको तो धरला. तर शब्दच्छलात एक शब्द मुरगाळतात आणि स्ट्रॉ मॅनमध्ये अख्खी भूमिका, म्हणून हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत असं मला वाटतं. (त्याच सूत्रांत वादात हरण्याच्या 22 जागा, म्हणजे निग्रहस्थानं, दिलीत, त्यात एक 'अननुभाषण' आहे. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी तुम्हाला ते परत म्हणून दाखवता आलं नाही तर तुम्ही हरलात. खंडन राहिलं बाजूला, आधी त्याचं वाक्य म्हणून दाखवा.)

आता तुमच्यावर येणाऱ्या 'विपर्यास करू नका'बद्दल. तो आरोप दरवेळी खरा असतो असं नाही. सारांश छोटा असणं म्हणजे विपर्यास नाही, तीन पानांचं एक वाक्य करताना काहीतरी गळणारच, प्रश्न एवढाच की जे गळलं ते परत घातलं तर तुमची टीका उभी राहते का. काकांच्या बोलण्यातली 'बिनस्पीकरच्या आरत्या' परत घाला, 'गणपतीच नको' लगेच कोसळतं. पण कुणी '10 नंतर स्पीकर बंद म्हटलं तर उशिरा कामावरून येणाऱ्यांना स्पीकरवरची आरती मिळणारच नाही' म्हणाला असता तर सगळं परत घालूनही तो मुद्दा टिकला असता. तसंच खरमरीत शब्द वापरले म्हणूनही विपर्यास होत नाही. आणि काही लोक अडचणीत आले की मागे सरकतात, कालचं 'सगळे' आज 'काही' होतं आणि वर तुम्हालाच ऐकवतात. तिथे वाद घालत बसू नका, त्यांचं मूळ वाक्य जसंच्या तसं अवतरणात द्या आणि त्याखाली आपला सारांश लिहा, वाचणाऱ्याला दिसतं.

सोसायटीचं राहिलंच. मीटिंगचं इतिवृत्त आलं तर त्यात लिहिलेलं, 'दुसऱ्या मजल्यावरील सदस्यांनी गणेशोत्सवास विरोध दर्शवला.' काकांनी सही करायला नकार दिला. सेक्रेटरी म्हणाले अहो अर्थ तोच होतो. काकांनी पेन घेतलं आणि 'गणेशोत्सवास'च्या जागी 'रात्री 10 नंतरच्या स्पीकरला' लिहिलं, मग सही केली. पुढच्या मीटिंगला तो ठराव पाच मिनिटांत पास झाला, विरोधात एकच हात वर होता, त्या कार्यकर्त्याचा.