चांगला कुक सोडून का जातो

अरे, हॉटेलातला कुक ‘घरी प्रॉब्लेम आहे’ सांगून निघाला की खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं, त्यामुळे लगेच पगार वाढवायला धावू नकोस. आधी मागच्या 2 महिन्यांचा रोस्टर काढून बघ. त्याची सुट्टी किती वेळा ऐनवेळी रद्द झाली, रात्री किचन बंद करून सकाळी ओपनिंगलाही तोच किती वेळा आला. ग्रिल दुसऱ्या कुणाला येतच नाही, मग तो आजारी असला तरी त्यालाच फोन, आणि दुसरीकडे तेवढ्याच पगारात फिक्स सुट्टी मिळतेय म्हटल्यावर तो कशाला थांबेल?

याला खर्च फारसा नाही. रोस्टर 2 आठवडे आधी लाव, क्लोजिंगनंतर ओपनिंग देऊच नकोस, आणि दुपारी गर्दी नसताना हेल्परला ग्रिलवर उभा कर, आधी नुसती तयारी, मग स्टाफचं जेवण, मग कमी गर्दीच्या दिवशी खऱ्या ऑर्डरी. शिकवणाऱ्या कुकला त्याचे थोडे पैसे दे हं, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला काढायचीच तयारी चाललीय. आणि पगारच बाकीच्यांपेक्षा कमी असेल तर मात्र यातलं काही चालणार नाही.