भाषा कोण बदलतं, ते आधी बघ

तुझ्या कादंबरीतल्या संवादांत ‘मीटिंग पोस्टपोन झाली’ असली वाक्यं भरपूर आहेत. ती राहू देत, पण त्यांतून पात्र कळत नाही. शब्द इंग्रजी असले तरी वाक्य मराठीच आहे, आणि शहरात तसं सगळेच बोलतात. पात्र कळतं ते अख्खं वाक्य दुसऱ्या भाषेत जातं तेव्हा.

तुझा बाहेरून आलेला भाडेकरूच घे. तो जुळवून जुळवून विचारतो, “काकू, पाणी कधी येणार?” घरमालकीण म्हणते, “सुबह छे बजे आएगा.” तिला वाटतं, आपण त्याची सोय केली. त्याला मात्र कळतं की आपलं मराठी इथे चाललं नाही. पुढच्या वेळी तो मराठीत विचारतो की मुकाट्याने हिंदीत, यावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहील. आणि काकू कधीतरी चिडून त्याला मराठीत झापतील, तेव्हा तो घरातला झाला असं वाचकाला आपोआप जाणवेल.

फक्त ‘ती हिंदीत म्हणाली’ असं लिहू नकोस. हिंदी वाक्याखाली मराठी अर्थही नको (संपादक मागतील, तरी नको). भाडेकरूच्या पुढच्या उत्तरातून अर्थ लागला पाहिजे. लागत नसेल तर उत्तर बदल.